ब्लॉकलिस्टमधून आयपी काढताय? मग या चुका टाळा

मेल परत आला की आपले लोक आधी डीलिस्टचा फॉर्म शोधतात. आपला आयपी पत्ता कुठल्या ब्लॉकलिस्टच्या यादीत आहे आणि का आहे, हे बघायचं नाव नाही. परत आलेल्या मेलमध्ये बहुतेक वेळा यादीचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचा आणि मग स्वतः तपासा. पत्ता `203.0.113.25` असेल तर स्पॅमहाउसच्या यादीत बघण्यासाठी आकडे उलटे लावायचे:

```
dig +short 25.113.0.203.zen.spamhaus.org
```

काहीच उत्तर आलं नाही तर पत्ता यादीत नाही. पण हे `8.8.8.8` सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून विचारू नका. तिथून `127.255.255.254` येतं आणि लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की या डीएनएसवरून विचारलेलं चालत नाही. मी सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस, अनबाउंड, ठेवतो आणि त्यालाच विचारतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: कारण न शोधता नाव काढून घेणं.

ऐन सीझनमध्ये कळंगुटच्या एका हॉटेलचे बुकिंगचे मेल परत यायला लागले. मॅनेजरनं फॉर्म भरला, नाव निघालं, दुसऱ्या दिवशी परत हजर. "अहो, कालच काढलं होतं ना!" असा फोन. उत्तर येत होतं `127.0.0.4`, म्हणजे एक्सबीएल. त्या पत्त्यामागे एखादं व्हायरस लागलेलं यंत्र आहे, असा त्याचा अर्थ. मेल सर्व्हरची रांग तर रिकामी होती आणि लॉगही स्वच्छ होता. गोम अशी, की मेल सर्व्हर, रिसेप्शन, अकाउंट्स आणि पाहुण्यांचं वायफाय, सगळे एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर पडत होते. राउटरवर पोर्ट २५ कडे जाणाऱ्या जोडण्यांचा लॉग सुरू केला आणि अकाउंट्सचा पीसी सापडला. तो मेल सर्व्हरला वळसा घालून थेट जगभर मेल पाठवत होता.

मग राउटरवर नियम घातला: बाहेरचं पोर्ट २५ फक्त मेल सर्व्हरला, बाकी सगळ्यांना बंद. पाहुण्यांचं काही अडलं नाही, कारण मेल ॲप ५८७ किंवा ४६५ वापरतात. पीसी नव्यानं फॉरमॅट केला, एक रात्र लॉग बघितला आणि मगच `check.spamhaus.org` वर अर्ज केला. अर्जात "प्लीज अर्जंट" न लिहिता काय बिघडलं आणि काय दुरुस्त केलं ते लिहिलं. त्यानंतर नाव परत आलं नाही. हा नियम मेल सर्व्हर बसवतानाच घालायचा असतो, पण घाई असते ना सगळ्यांना!

`127.0.0.10` किंवा `127.0.0.11` आलं तर ती पीबीएल, त्यात स्पॅमचा आरोप नसतो. घरगुती किंवा बदलत्या आयपीवरून थेट मेल पाठवताय, एवढंच. प्रोव्हायडरच्या सर्व्हरमार्फत पाठवा, नाहीतर स्टॅटिक आयपी घेऊन रिव्हर्स डीएनएस नीट लावा.

`127.0.0.2` म्हणजे एसबीएल, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी. त्यातून नाव काढायची विनंती आयएसपीकडून जावी लागते, तेव्हा तिकीट तिथे टाका.

स्पॅमकॉप या दुसऱ्या यादीत असाल तर स्पॅम बंद करून नव्या तक्रारी थांबवा. त्या थांबल्या की २४ तासांत नाव आपोआप उतरतं. आणि कुणी पैसे भरून लवकर काढून देतो म्हणालं, तर माझ्याकडून सरळ नाही!