दम्याच्या मुलासाठी शाळेला पत्र लिहिताना या चुका टाळा

‘आमच्या मुलाला सौम्य दमा आहे. गरज पडल्यास पंप द्यावा व आम्हाला कळवावे, ही विनंती.’

बऱ्याच पालकांचं पत्र इथेच संपतं. खाली सही, फोन नंबर, आणि काम झालं. या दोन ओळींत दिसायला काहीच वावगं नाही, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा लिहिली जातात. प्रत्यक्षात त्यांचं काय होतं ते घड्याळ लावून बघा.

आठ वर्षांचा मुलगा, खेळाचा तास. ११:१० ला तो धावता धावता थांबतो आणि खोकायला लागतो. क्रीडाशिक्षक त्याला बाजूला बसवतात, पाणी देतात. गरज पडली आहे असं अजून कुणालाच वाटत नाही, कारण पत्रात खोकल्याचं नावच नाही. ११:२० ला तो खांदे उचलून श्वास घेतोय. आता पंप हवा. पंप दप्तरात, दप्तर वरच्या मजल्यावर. दप्तरात निघतात दोन पंप, आणि पत्रात तर नुसतं ‘पंप’ लिहिलंय. शिक्षक त्यातला नवा दिसणारा उचलतात. तो नेमका रोज सकाळ-रात्र घ्यायचा स्टेरॉइडचा पंप, जो आकसलेली श्वासनळी लगेच मोकळी करत नाही. त्याचे दोन पफ एकामागोमाग थेट तोंडात, कारण स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, कशासाठी असतो हे कुणी सांगितलेलंच नाही. ११:३० ला आईला फोन, उचलला जात नाही. वडिलांचा नंबर व्यस्त. ११:४० ला मुलाचा खोकला थांबतो, तो भिंतीला टेकून गप्प बसतो, डोळे मिटतो. ‘चला, शांत झाला,’ असं म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

तो शांत झालेला नाही, दमलाय. श्वासनळ्या इतक्या आवळल्या की आत-बाहेर जाणारी हवाच कमी झाली, आणि हवा नाही तर खोकला नाही, घरघरही नाही. दम्याच्या झटक्यात सर्वांत घाबरायची वेळ ती हीच. या अर्ध्या तासात शिक्षकांनी पत्राबाहेरचं काहीही केलेलं नाही. चूक पत्रातच होती.

‘गरज पडल्यास’ हे दोन शब्द खोडा. गरज पडली की नाही हे ठरवायला दमा माहीत असावा लागतो, आणि पत्र वाचणाऱ्याला तो माहीत नसतो. त्यांना डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असं लिहा, आणि ते तुमच्याच मुलाचं लिहा. एखादं मूल आधी कोरडं खोकत राहतं, एखादं ‘पोटात दुखतंय’ म्हणतं, एखादं खेळ सोडून गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसतं. झटका कसा सुरू होतो हे तुम्ही घरी अनेकदा पाहिलेलं असतं. ते दोन वाक्यांत लिहा. ‘श्वसनास त्रास जाणवल्यास’ वगैरे कार्यालयीन मराठी इथे कामाची नाही.

‘सौम्य’ हा शब्दही काढा. सौम्य म्हणजे एरवी त्रास कमी होतो, एवढंच. सौम्य दमा असलेल्या मुलालाही जोराचा झटका येऊ शकतो, आणि तेव्हा हा एक शब्द वाचून शिक्षक थांबून राहतात.

मग उपाय. दोन पानं करा. पहिलं पान म्हणजे पत्र, जे निवांतपणे वाचलं जाईल आणि फाइलला लागेल. दुसरं पान झटक्याचं, मोठ्या अक्षरांत, वर मुलाचा फोटो. मूल समोर धापा टाकत असताना कुणीही चार परिच्छेद वाचत नाही. पफांचा आकडा मुलाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, शेजारच्या मुलाच्या कागदावरून उतरवू नका. श्वासनळी लगेच मोकळी करणाऱ्या निळ्या सालब्युटॅमॉलच्या, एका पफला १०० मायक्रोग्रॅम देणाऱ्या पंपासाठी बऱ्याच ठिकाणी चार-चार-चारची पद्धत वापरतात. तिचं पान साधारण असं होतं:

‘ताठ बसवा, किंचित पुढे झुकवून. आडवं करू नका. एकटं सोडू नका. सालब्युटॅमॉलचा पंप हलवा, स्पेसरला लावा. एक पफ दाबा, स्पेसरमधून ४ श्वास घेऊ द्या. पुन्हा पंप हलवा, दुसरा पफ, पुन्हा ४ श्वास. असे एकूण ४ पफ. ४ मिनिटं थांबा, घड्याळ बघा. आराम नाही? पुन्हा तसेच ४ पफ. तरीही आराम नाही? रुग्णवाहिका बोलवा, “दम्याचा झटका” हे शब्द वापरा. ती येईपर्यंत दर ४ मिनिटांनी ४ पफ चालू ठेवा.’

काही देशांत दर ३० ते ६० सेकंदांनी एक, असे जास्तीत जास्त १० पफ देण्याची पद्धत आहे. डॉक्टर जी सांगतील ती एकच लिहा. दोन पद्धती एका कागदावर आल्या की वाचणारा दोन्हींच्या मध्येच अडकतो.

चारही पफ एकदम स्पेसरमध्ये मारून मोकळं होणं हा घाईचा आवडता मार्ग. त्यात औषधाचे थेंब एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात, फुप्फुसापर्यंत कमी पोचतं. ‘एका वेळी एकच पफ’ हे शब्द ठळक करा. त्याखाली आणखी एक ओळ हवी: ‘या पफांनी हात थरथरतील, छाती धडधडेल, ते थोड्या वेळात थांबतं.’ ही ओळ नसेल तर पहिल्या चार पफनंतर हात थरथरताना पाहून शिक्षक घाबरतात आणि पुढचे पफ देतच नाहीत. जास्त औषध दिल्याच्या भीतीने हात आखडता घेणं, हे झटक्यात नेहमी घडतं.

दुसरी चूक क्रमाची. ‘काही झाल्यास प्रथम आम्हाला फोन करावा.’ भावना समजते, पण ही ओळ जीवघेणी आहे. ‘प्रथम’ असं तुम्ही लिहून दिलंत की ते शाळेसाठी बंधन होतं. तुमचा फोन लागेपर्यंत ना पंप ना रुग्णवाहिका. आणि फोन लागलाच, तरी तुम्ही तिकडून करणार काय? ‘पंप द्या’ एवढंच सांगणार, जे कागदावर आधीच असायला हवं होतं. क्रम असा लिहा: आधी पंप, लागली तर रुग्णवाहिका, मग पालक. दोन मोठी माणसं असतील तर एकाने पंप द्यावा, दुसऱ्याने फोन करावा.

रुग्णवाहिकेचा निर्णयही शिक्षकांवर सोडू नका. काही खुणा दिसल्या की दुसऱ्या चार पफांचीही वाट न बघता ताबडतोब बोलवायची: मूल एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकत नाही; बरगड्यांच्या मधली किंवा गळ्याच्या खळगीतली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते; ओठ निळसर किंवा राखाडी दिसतात; मूल पेंगतं, थकून गप्प होतं; किंवा पंप मिळतच नाही. शेवटी एक ओळ स्वतंत्र लिहा: ‘घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं असं समजू नका. बोलून बघा.’ ‘तू सकाळी काय खाल्लंस’ असं विचारल्यावर मूल सलग उत्तर देतं की दर दोन शब्दांना थांबतं, यावरून स्टेथोस्कोप नसलेल्या माणसालाही पुरेसं कळतं.

आणि याच पानावर खाली लिहा की पालकांशी संपर्क झाला नाही तरी वरील सर्व करण्यास आमची संमती आहे. सही, तारीख. या एका ओळीवाचून शाळा अडून राहते.

बाकीच्या चुका आटोपशीर.

पंप कार्यालयात कुलपात ठेवा असं मान्य करू नका. किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके त्या दिवशी रजेवर असतात. मोठं मूल स्वतःजवळ बाळगेल, लहान मुलाचा पंप त्याच्या वर्गातच, आणि जादाचा एक शाळेकडे, स्पेसरसकट. मैदानावर आणि सहलीला पंप मुलाबरोबर जातो, हे वेगळं लिहा.

रोजचा प्रतिबंधक पंप शाळेत द्यायचा नसेल तर तो दप्तरात ठेवूच नका. वरचा घोटाळा तिथूनच सुरू झाला. आणि रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. औषधाचं नाव लिहा आणि पंपावर मुलाच्या नावाची पट्टी चिकटवा. काही मुलांना फॉर्मोटेरॉल असलेला एकच पंप दोन्ही कामांसाठी दिलेला असतो. त्याचे पफ वेगळे मोजतात, चार-चार-चार त्याला लागू नाही.

मूल कॅप्सूलमधली पावडर ओढायचं यंत्र वापरत असेल तर स्पेसरची ओळ तशीच उतरवू नका, ते स्पेसरला लागत नाही. शिवाय पावडर जोरात ओढावी लागते आणि झटक्यात तोच जोर नसतो. शाळेसाठी फवाऱ्याचा पंप वेगळा मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा.

पंप हलवून ‘आहे अजून’ म्हणणं थांबवा. औषध संपल्यावरही आतला वायू उरतो आणि फुस्स आवाज येत राहतो. आकडा दाखवणारा पंप असेल तर आकडा बघा, नसेल तर वापरलेले पफ लिहून ठेवा. काही दिवस न वापरलेला पंप आधी हवेत दोन-तीनदा उडवायचा असतो, हेही पानावर हवं. शाळेतला तर महिनोन्‌महिने पडूनच असतो.

‘खेळू देऊ नये’ असं सरसकट लिहू नका. खेळाआधी १० ते १५ मिनिटं पंप घ्यायचा की नाही, हे डॉक्टरांकडून ठरवून तेवढंच लिहा.

दमा कधीपासून, कुणाकुणाला दाखवलं, आजीलाही होता का, हे सगळं गाळा.

खाण्याची गंभीर ॲलर्जीही असेल तर ते पहिल्याच ओळीत, आणि डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ॲलर्जीच्या झटक्यात ते आधी, पंप नंतर.

बरं वाटल्यावर काय, हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही. निळ्या पंपाचा परिणाम साधारण चार तास टिकतो, मग त्रास परत येऊ शकतो. म्हणून किती वाजता किती पफ दिले हे पानाच्या मागे लिहायला सांगा, त्या दिवशी पुन्हा पळायला पाठवू नये आणि एकट्याने घरी सोडू नये, असं स्पष्ट लिहा.

पान झालं की ते दम्याबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाच्या हाती द्या. सोबत पंप, स्पेसर आणि घड्याळ. मूल समोर बसवा, पंप दाबायचा नाही, नुसतं करून दाखवायचं. तुम्ही तोंड उघडायचं नाही. ते जिथे अडून तुमच्याकडे बघतील, ती ओळ पुन्हा लिहा.