बल्बवर नाव एकीचं, रक्त दुसरीचं: रक्तपेढीच्या रात्रपाळीत या चुका टाळा

रात्रीचे 2.40. प्रसूती वॉर्डमधून मागणी येते: खाट क्रमांक 7, बाळंतपणानंतर रक्तस्राव, पीसीव्हीच्या दोन पिशव्या तातडीने. सोबत जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब. त्यावर नाव, आयपीडी नंबर, तारीख, वेळ, सही, सगळं आहे आणि मागणीपत्राशी अक्षर न् अक्षर जुळतं. टेक्नॉलॉजिस्ट रक्तगट लावते: अँटी-ए आणि अँटी-डी मध्ये घट्ट गुठळी, अँटी-बी कोरं. उलट तपासणीत फक्त बी पेशींशी गुठळी. म्हणजे ए पॉझिटिव्ह, कुठेही शंका नाही.

पिशवी काढण्याआधी ती जुनं रजिस्टर उघडते. चार महिन्यांपूर्वी ही बाई याच रुग्णालयात रक्तक्षयासाठी दाखल होती, एक पिशवी चढवली होती. तिथे नोंद आहे ओ पॉझिटिव्ह.

पहिली चूक: "क्रॉसमॅच करू, चुकलं असेल तर कळेल"

कळणार नाही. क्रॉसमॅच पिशवी आणि बल्ब यांच्यात होतं, पिशवी आणि रुग्ण यांच्यात नाही. बल्बमध्ये ए गटाचं रक्त आहे, त्यामुळे ए ची पिशवी त्याच्याशी सुरेख जुळेल आणि रिपोर्टवर "कम्पॅटिबल" छापून जाईल. ओ गटाच्या बाईच्या अंगात मात्र लहानपणीच तयार झालेल्या अँटी-ए प्रतिपिंडांचा साठा असतो. चढवलेल्या पेशी शिरेतच फुटू लागतात, आणि हे व्हायला अख्खी पिशवी लागत नाही, थोडं रक्त पुरतं. थंडी-ताप, कंबरेत दुखणं, लाल लघवी ही लक्षणं शुद्धीवरचा रुग्ण सांगेल. भूल दिलेल्या बाईत दिसेल ते फक्त पडणारं बीपी आणि न थांबणारा रक्तस्राव, आणि तो तर तिला आधीपासूनच आहे.

अशा वेळी हाताशी असलेला आणखी एक पुरावा म्हणजे सीबीसी. संध्याकाळच्या रिपोर्टात हिचा एमसीव्ही 70 होता, रात्रीचा बल्ब काउंटरवर लावला तर 88. रक्तस्रावाने हिमोग्लोबिन काही तासांत कोसळतं, पेशींचं आकारमान नाही. तरीही यावरून गट ठरवायचा नाही. जुनी नोंदही चुकीची असू शकते. ए की ओ हा निर्णय टेबलावर बसून होत नाही, नवं सॅम्पलच लागतं.

दुसरी चूक: लेबल दुरुस्त करणं

फोनवर निवासी डॉक्टर म्हणतात, "घाईत झालं असेल, मी खाली येऊन लेबल बदलतो."

"नको सर. लेबल बदललं तरी आत कुणाचं रक्त आहे हे कसं कळणार? नवा बल्ब पाठवा. तोवर थांबता येत नसेल तर ओ निगेटिव्ह पिशवी काढून ठेवते, क्रॉसमॅचशिवाय हवी म्हणून सहीचं पत्र द्या."

ओ निगेटिव्हच का? गट ठरलेला नाही आणि बाई मूल होण्याच्या वयातली आहे. "ओ तर ओ, नोंद आहेच" म्हणून पॉझिटिव्ह देण्याचा मोह होतो, पण ज्या नोंदीवर शंका घेतली तिच्यावरच पुन्हा विसंबणं झालं ते.

नवं सॅम्पल खाटेपाशी घ्यायचं, लेबल तिथेच लिहायचं, खिशात आधी लिहून ठेवलेले बल्ब वापरायचे नाहीत. "तुम्ही सविता ना?" असं विचारू नका. वेदनेत असलेली बाई कशालाही मान हलवते. "पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहा. बोलण्याच्या स्थितीत नसेल तर पट्टी आणि केसपेपर दोघांनी मिळून वाचा.

3.15 ला आलेला बल्ब: ओ पॉझिटिव्ह, ए आणि बी दोन्ही पेशींशी गुठळी. ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या क्रॉसमॅच करून वॉर्डात गेल्या.

तिसरी चूक: इथेच थांबणं

ही सगळ्यात जास्त विसरली जाते. ए गटाचं ते रक्त कुणाचं तरी होतं. त्याच ट्रेमधून खाट क्रमांक 8 चा बल्ब आला होता, सकाळच्या सिझेरियनसाठी. त्यावर गट लागला होता ओ पॉझिटिव्ह, आणि तिची जुनी नोंदच नव्हती, म्हणून कुणाला खटकलं नाही. दोन्ही सॅम्पल एकाच वेळी काढून नर्सिंग स्टेशनवर नेऊन लेबल लावली होती.

तिला ओ च्या लाल पेशी चढल्या असत्या तर निभावलं असतं. पण ओ चा एफएफपी मागवला गेला असता तर त्यातल्या अँटी-ए ने तिच्याच पेशींवर हल्ला केला असता. म्हणून पहिल्या फोनबरोबरच त्या वेळच्या ट्रेमधले सगळे बल्ब बाजूला काढायचे. खाट 8 चं नवं सॅम्पल आलं: ए पॉझिटिव्ह.

दोघी एकाच गटाच्या असत्या, तर रजिस्टर उघडूनही ही अदलाबदल दिसली नसती. म्हणूनच जुनी नोंद नसलेल्या रुग्णाचा गट एका सॅम्पलवर पक्का धरू नये. वेगळ्या वेळी, शक्यतो वेगळ्या हाताने काढलेलं दुसरं सॅम्पल येईपर्यंत लाल पेशी ओ च्याच द्याव्यात.

पहिले दोन बल्ब फेकले नाहीत. "वापरू नये" असं लाल शाईने लिहून ते फ्रीजमध्ये ठेवले आणि रजिस्टरमध्ये दोन्ही निकाल, खोडाखोड न करता, वेळेसह नोंदवले.