वादळ येतंय म्हटल्यावर रिसॉर्टात पहिले काय करायचं: कोकणात कामाला निघालेल्या पोरांसाठी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. गेली काही वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका रिसॉर्टात काम करतो. यंदा सोयाबीन काढायला गावी आलो तर संध्याकाळी ओसरीवर तिघं पोरं येऊन बसली. तिघांनाही कोकणातल्या हॉटेलांत काम लागलंय, कोणी हाऊसकीपिंगला, कोणी किचनला. त्यातल्या एकानं विचारलं, "दादा, तिकडं चक्रीवादळ आलं तं काय करा लागते?" त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे.

आपल्याकडं वादळ म्हणजे चैत्र-वैशाखातलं वावधन. दुपारी आभाळ भरून येतं, तासाभरात टिनं उडवतं आणि निघून जातं. आपण ताडपत्री घेऊन गंजीकडं पळतो, तेवढीच सवड असते. समुद्रावरचं वादळ तसं नसतं. ते हळूहळू तयार होतं आणि हवामान खात्याला ते आधीच दिसतं. चक्रीवादळ किनाऱ्याकडं येणार असेल तर खातं टप्प्याटप्प्यानं सांगतं: साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी पक्का इशारा. पत्रकं `mausam.imd.gov.in` वर येतात. बंदरातही बावटा चढतो, पण तो होड्या आणि जहाजांसाठी असतो. बावट्याचा नंबर लहान आहे म्हणून रिसॉर्टात निवांत बसायचं नसतं.

म्हणजे आपल्याला गावाकडच्यासारखा एक तास नाही, दीड-दोन दिवस मिळतात. हे दिवस कसे वापरायचे, तेवढंच शिकायचं आहे. मी ते २०१९ च्या दिवाळीत शिकलो.

त्या वर्षी अरबी समुद्रात 'क्यार' नावाचं वादळ तयार झालं. ते कोकणात धडकलं नाही, पुढं ओमानच्या दिशेनं गेलं. पण शुक्रवारी, २५ ऑक्टोबरला ते रत्नागिरीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर समुद्रात होतं, आणि तेवढ्यावरूनही किनाऱ्यावर जोराचा पाऊस आणि वारा लागला. दिवस धनत्रयोदशीचा, म्हणजे आमच्या हंगामाची सुरुवात. १८ पैकी ११ खोल्या भरलेल्या, २९ पाहुणे आत, आणि ७ खोल्यांचे पाहुणे त्या दिवशी यायचे होते.

आमचे मॅनेजर सावंतकाका. त्यांनी सकाळी आठला सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आता खिडक्या बांधायला सांगतील. ते म्हणाले, "आधी येणाऱ्यांना फोन लाव." जो माणूस अजून घरी आहे त्याला थांबवायला एक फोन पुरतो. तोच इथं पोहोचला की त्याचं जेवण, पाणी, औषध आणि परतीचा रस्ता हे सगळं आपल्या अंगावर येतं. सातपैकी सहा खोल्यांनी तारीख पुढं ढकलली. एक तिघांचं कुटुंब तोवर चिपळूण ओलांडून आलं होतं, त्यांना येऊ दिलं.

दुसरं काम जाणाऱ्यांचं. चार खोल्या शनिवारी सकाळी सोडणार होत्या. काकांनी त्यांना सरळ दोन वाटा सांगितल्या: आज दुपारी दोनच्या आत निघा, म्हणजे कुंभार्ली घाट उजेडात चढून कराडला पोहोचाल, नाहीतर रविवारपर्यंत इथंच थांबायचं धरून चाला. मधली वाट नाही. वाऱ्यात गाडी चालवणं अवघड असतंच, पण जास्त घात करतात रस्त्यावर पडलेली झाडं आणि घाटातली दरड, आणि ती अंधारात दिसत नाहीत. दोन खोल्यांचे सहा जण एक वाजता निघाले. उरले २६ पाहुणे आणि आम्ही १४, म्हणजे ४० माणसं. हा आकडा काकांनी रिसेप्शनच्या फळ्यावर खडूनं मोठा लिहिला. पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर चालला, म्हणून तो आधी पक्का करायचा.

किचनचा हिशेब सोपा आहे. माणशी एका जेवणाला १०० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ धरायची. ४० माणसं, दोन जेवणं: दिवसाला ८ किलो तांदूळ, सव्वातीन किलो डाळ. तीन दिवसांचे २४ किलो तांदूळ आणि १० किलो डाळ. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे रोज वीस लिटरचे सहा जार, तीन दिवसांचे अठरा. दूध पावडर, बिस्किटं, कांदे-बटाटे आणि एक भरलेला जादा सिलिंडर हे त्याच दुपारी आणलं. होड्या बंदरात लागल्या की ताजी मासळी बंद होते आणि घाट बंद झाला की भाजीचा ट्रक येत नाही, त्यामुळं मेनू आधीच बदलायचा. नासणारं पहिले संपवायचं: शुक्रवारी रात्री मासळी आणि पनीर, शनिवारी फ्रीजरमधलं, त्यानंतर खिचडी आणि पिठलं. भरलेला डीप फ्रीजर न उघडता ठेवला तर दोन दिवस गार राहतो. साधा फ्रीज जेमतेम चार तास. म्हणून फ्रीजरच्या झाकणावर चिकटपट्टी लावून 'दिवसातून एकदाच' असं लिहिलं होतं.

आता जनरेटर. इथं आमचं चुकलं. आमचा जनरेटर १५ केव्हीएचा, म्हणजे साधारण १२ किलोवॅट ओढणारा. दर सोमवारी तो दहा मिनिटं सुरू करून बंद करायचो आणि वहीत 'ठीक' लिहायचो. पण तो लोड न देता चालवायचो. रात्री नऊ चाळीसला वीज गेली. जनरेटर लगेच सुरू झाला आणि दहा मिनिटांत ट्रिप झाला. पुन्हा लावला, पुन्हा ट्रिप. इलेक्ट्रिशियन पॅनेलपाशी गेला, मी बॅटरी धरून मागं उभा. बाहेर सुरूची झाडं नुसती गरगरत होती. त्यानं एकेका खोलीवर उजेड मारायला लावला आणि म्हणाला, "गिझर!" पावसात भिजून आलेल्या पाहुण्यांनी गिझर लावले होते आणि वीज गेल्यावर बटणं तशीच चालू राहिली होती. एक गिझर दोन किलोवॅटचा. सहा गिझर लागले की जनरेटर तिथंच भरला, वर बोअरची मोटर आणि फ्रीजर.

त्यानं सगळ्या खोल्यांचे एमसीबी खाली केले, मग जनरेटर लावला आणि एकेक चढवत गेला: आधी फ्रीजर, मग व्हरांड्याचे दिवे, मग वाय-फाय आणि चार्जिंगचा बोर्ड, शेवटी मोटर, तीही एकटीच. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, म्हणून तिच्यासोबत दुसरं काही सुरू करायचं नाही. आता आमच्या प्रत्येक एमसीबीवर पट्टी आहे. लाल पट्टी म्हणजे वीज गेल्याबरोबर खाली. चाचणीही मोटर आणि फ्रीजर जोडून अर्धा तास घेतो. तुम्ही नवीन असाल तर जनरेटरला हात लावू नका, पण दोन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या. जनरेटर चेंजओव्हर स्विचमधूनच जोडलेला आहे ना, कारण तो स्विच टाळून थेट वायरिंगला जोडला तर वीज बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर चढलेला लाइनमन मरू शकतो. आणि पाऊस आत येतो म्हणून कोणी जनरेटरच्या खोलीचं शटर लावलेलं नाही ना. तो धूर विषारी असतो.

डिझेल ड्रममध्ये ४० लिटर होतं. आमचा जनरेटर ताशी साधारण अडीच लिटर खातो, म्हणजे सलग चालवला तर सोळा तास. म्हणून वेळा ठरवल्या: पहाटे पाच ते आठ, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सहा ते अकरा. वीज आली रविवारी चारला, तेव्हा ड्रमचा तळ दिसत होता. पुढच्या वर्षी ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तेव्हा लॉकडाऊन होतं, रिसॉर्टं रिकामी होती. पाहुणे असते तर ४० लिटरचं काय झालं असतं? आता आम्ही पावसाळ्याआधी आणि ऑक्टोबरात दीडशे लिटर भरून ठेवतो, म्हणजे या वेळांनी सहा दिवस.

आणि सगळ्यात नाजूक काम, पाहुण्यांना जाणारा मेसेज. शुक्रवारी संध्याकाळी मी लिहिला होता: "हवामान खराब आहे, रस्ता बंद असू शकतो, कृपया सहकार्य करावे." अमरावतीचं एक कुटुंब होतं, सोबत आजी. शनिवारी रात्री पुण्याहून त्यांची गाडी होती. थांबणाऱ्यांत ते होते, पण 'असू शकतो' वाचून त्यांना वाटलं की बहुतेक सुरू असेल. पहाटे सहाला ते न सांगता निघाले. सात किलोमीटरवर आडवं पडलेलं आंब्याचं झाड, मागं दुसऱ्या गाड्या, वर पाऊस. दोन तासांनी परत आले तेव्हा आजीचे हात थरथरत होते. त्यांचं इन्सुलिन पिशवीतल्या बर्फावर होतं आणि बर्फाचं पाणी झालं होतं. आजी मला म्हणाल्या, "बाबू, बंद हाये असं लिहायचं होतं न." त्यांचा तो शब्द मी विसरलो नाही.

तेव्हापासून मेसेज असा जातो:

"शनिवार, सकाळी ७. हवामान खात्याच्या आजच्या पत्रकानुसार उद्या दुपारपर्यंत जोराचा वारा राहील. चिपळूण रस्ता बंद आहे. आज कोणीही निघू नये. समुद्राकडचं फाटक बंद आहे. जेवण १२:३० आणि ७:३० ला. वीज १२ ते २ आणि ६ ते ११. गिझर लावू नका. फ्रीजमध्ये ठेवायची औषधं रिसेप्शनला नाव लिहून द्या. पुढचा मेसेज दुपारी १ वाजता, काही नवीन नसलं तरी."

शेवटची ओळ सगळ्यात जास्त कामाची. पुढचा मेसेज कधी येणार हे माहीत असलं की माणूस रिसेप्शनला पुन्हा पुन्हा येत नाही, आणि एकाच वेळी पंचवीस जणांना वेगवेगळी उत्तरं दिली जात नाहीत. 'घाबरू नका' लिहायचं नाही, त्यानं माणूस घाबरतो. टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइल बंद पडतो, म्हणून तोच मजकूर कागदावर लिहून प्रत्येक दाराखाली सरकवायचा. रस्त्याची खात्री मात्र जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर करायची. कोणा ड्रायव्हरच्या ऐकीव गोष्टीवर 'सुरू आहे' लिहायचं नाही.

अडकलेल्या पाहुण्यांच्या बिलाचं मालकाकडून आधीच ठरवून घ्यायचं. आमच्याकडं जादा रात्रीचं खोलीभाडं घेतलं नाही, फक्त जेवणाचे पैसे घेतले, आणि ते पहिल्याच मेसेजमध्ये सांगायला हवं होतं. पैशाच्या काळजीनं घाईघाईत निघालेला माणूस झाडाखाली सापडू शकतो.

सोमवारी सकाळी रस्ता मोकळा झाल्याचं १०७७ वरून कळल्यावर एकेक गाडी सोडली. वहीत खोली, गाडीचा नंबर, माणसं, निघाल्याची वेळ आणि एक रिकामा रकाना: 'घाट चढल्याचा फोन'. अमरावतीकर सात वाजता निघाले. साडेअकराला त्यांच्या मुलाचा फोन आला, कराडला चहाला थांबलो आहोत, आजी ठीक आहेत. मी त्या रकान्यात वेळ लिहिली आणि पुढच्या गाडीचा फोन यायची वाट बघत बसलो.