दुकानाचे एकच खाते, विचारणा मालकाच्या फोनवर: या चुका टाळा

झेरॉक्सच्या दुकानात ग्राहक फायली मेलवर पाठवतात, म्हणून तेथील जीमेल दिवसभर उघडे लागते. बहुतेक ठिकाणी खाते मालकाचे असते, पासवर्ड सगळ्या कामगारांना पाठ असतो आणि "तुम्हीच लॉग-इन करत आहात का?" ही गूगलची विचारणा मात्र मालकाच्या फोनवर जाते.

यातली सर्वांत घातक चूक म्हणजे न पाहता होकार देणे. माझ्या ओळखीच्या एका दुकानाचे मालक लग्नासाठी गावी गेले होते. दुकानातला मुलगा दिवसभरात अनेकदा फोन करून म्हणे, "काका, आलंय बघा, हो करा," आणि काका होकार देत. रात्री दुकान बंद झाल्यावर पुन्हा विचारणा आली, तेव्हाही त्यांनी सवयीने Yes दाबले. पासवर्ड काम सोडून गेलेल्या एका मुलाकडे होता. नव्या लॉग-इनची सूचना त्याच इनबॉक्समध्ये आली आणि आत शिरलेल्याने ती पुसली. ती पुढे Trash मध्ये सापडली, पण तोवर ग्राहकांची आधार कार्डे त्याच्या हाती लागली होती.

विचारणेच्या पडद्यावर उपकरण आणि अंदाजे ठिकाण दिसते. ते वाचून, कोण आणि कोणत्या संगणकावर बसले आहे हे फोनवर विचारूनच होकार द्यावा, अशी माझी सवय आहे. कोणीच बसलेले नसेल तर नकार देऊन लगेच पासवर्ड बदलावा, कारण विचारणा आली म्हणजे बहुधा पासवर्ड बाहेर गेलेला असतो.

खरा उपाय मात्र पासवर्ड वाटणेच बंद करण्याचा आहे. प्रत्येक कामगाराने स्वतःचे जीमेल वापरावे. मालकाने संगणकावर दुकानाच्या जीमेलच्या सेटिंगमध्ये Accounts and Import उघडून Grant access to your account येथे कामगाराचा पत्ता जोडावा. कामगाराने आलेल्या मेलमधून संमती दिली की त्याला दुकानाचे मेल वाचता, पाठवता आणि पुसताही येतात, पण पासवर्ड बदलता येत नाही. प्रवेश सुरू व्हायला कधी कधी एक दिवस लागतो. तेवढाही धीर नसलेले लोक पुन्हा पासवर्डच वाटतात, हे पाहून मला फार वाईट वाटते. कामगार गेला की त्याचे नाव तेथूनच काढावे. या सोयीत ड्राइव्ह येत नाही, त्यातले फोल्डर वेगळे शेअर करावे लागतात.

कटकट नको म्हणून दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारी ही विचारणा, बंद करू नये. ओटीपी व्हॉट्सॲप गटात टाकू नये.

मालकाचा फोन हरवला तर उपयोगी पडणारे बॅकअप कोड दहा असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. त्यांचा छापील कागद मालकाने घरी कुलपात ठेवावा. गल्ल्यात ठेवलेला कागद सगळ्यांच्या हाती लागतो. नवे कोड काढले की जुने निकामी होतात, म्हणून जुना कागद त्याच वेळी फाडावा.