दुपारचा रेट उतरवला तरी गल्ला का वाढत नाही? छोट्या गेमिंग कॅफेवाल्यांनो, या चुका टाळा

सोमवार ते शुक्रवार, दुपारी एकची वेळ. दहा पीसींपैकी दोन चालू, एसी सुरू, काउंटरवरचा मुलगा मोबाइल बघत बसलेला. पुण्यात धनकवडी, कर्वेनगर, वडगाव, कुठेही जा, कॉलेजच्या आसपासच्या छोट्या कॅफेत साधारण हेच चित्र दिसतं. मग मालक बाहेर फ्लेक्स लावतो: दुपारी ११ ते ४, फक्त ५० रुपये तास. महिनाभरानं दुपारी पोरं थोडी जास्त दिसतात, पण गल्ला तेवढाच राहतो, कधी कमीच होतो. रेट कमी करणं चुकीचं नसतं, पण तो ज्या पद्धतीनं केला जातो त्यात घोळ असतो.

सरसकट तासाचा रेट उतरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आकडे मांडून बघू. समजा दहा पीसी आहेत आणि रेट ८० रुपये तास. ११ ते ४ या पाच तासांत तुमच्याकडे एकूण ५० तास विकायला असतात आणि त्यातले ८ विकले जातात. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून साधारण ४०० वॉट धरा, म्हणजे तासाला ०.४ युनिट. व्यापारी जोडणीचं पूर्ण बिल भागिले युनिट केलं की तुमचा खरा दर कळतो. तो १५ रुपये आला असं धरलं, तर एका पीसीच्या एका तासाला ६ रुपयांची वीज जाते. एसी, भाडं, पगार हे दोन पोरं असोत की दहा, जाणारच आहेत, म्हणून या हिशेबात ते घ्यायचे नाहीत.

म्हणजे ८० च्या रेटनं तासामागे ७४ रुपये हातात राहतात, आठ तासांचे ५९२. रेट ५० केला की तासामागे ४४ उरतात. तेच ५९२ मिळवायला आता १४ तास विकावे लागतील. फायदा त्याच्या पुढे सुरू होतो.

आणि ते वाढलेले तास नव्या गिऱ्हाइकांचे हवेत. संध्याकाळी येणारी पोरं स्वस्त पडतं म्हणून दुपारी आली आणि त्यांचे चार तास इकडे सरकले, तर संध्याकाळचे २९६ रुपये गेले. ते भरून काढायला दुपारची विक्री २१ तासांवर न्यावी लागते. मात्र संध्याकाळी सगळ्या सीट भरून पोरं परत जात असतील, तर हेच सरकणं तुमच्या फायद्याचं आहे, कारण रिकामी झालेली सीट लगेच ८० नं भरते. त्यामुळे दुपारचा रेट ठरवण्याआधी आठवडाभर काउंटरवर एक वही ठेवा आणि संध्याकाळी सीट नाही म्हणून किती जण परत गेले ते वारानुसार लिहा. सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये हे कधीच येत नाही, कारण परत गेलेल्याचं लॉगिनच होत नाही.

उपाय: एका तासाचा रेट तसाच, तीन तासांचा पॅक स्वस्त

दुपारी सुटा तास ८० लाच ठेवा आणि सलग तीन तासांचा पॅक १५० ला द्या. फ्लेक्सवर हेही ५० रुपये तासच दिसतं, पण हिशेब पार बदलतो. आधीच एक तास खेळणारा पोरगा ७४ रुपये देऊन जात होता. तो पॅककडे वळला, तर वीज वजा जाऊन १३२ देतो. दोन तासवाल्यावर तुमचं नुकसान फक्त १६ रुपयांचं. खरा फटका एकाच ठिकाणी बसतो: आधीपासून तीन तास बसणारा माणूस २२२ ऐवजी १३२ देतो. म्हणून मागच्या महिन्याच्या दुपारच्या सेशनची लांबी आधी बघून घ्या. तीन तासवालेच जास्त असतील तर पॅक चार तासांचा करा.

पॅकमागे खेळाचंही कारण आहे. व्हॅलरंटची एक कॉम्पिटिटिव्ह मॅच अर्ध्या तासापासून पाऊण तासापर्यंत चालते. एका तासात दुसरी मॅच बसत नाही आणि मध्येच उठलं तर पेनल्टी लागते. पाच जणांची टीम तीन तास निवांत बसू शकते. प्रॅक्टिकल लवकर संपलेली बॅच, रात्रपाळी करणारी मंडळी, असे लोक दुपारी येतात ते गटानं आणि वेळ काढून. ज्याची हजेरी भरायची आहे तो लेक्चर सोडून ३० रुपये वाचवायला येणार नाही, आणि यावं अशी आपलीही इच्छा नसावी. शाळेच्या गणवेशातल्या मुलांना तर शाळेच्या वेळात बसवूच नका.

चार वाजताची सीमारेषा मोकळी सोडणं

चारला दहा मिनिटं कमी असताना चौघं येतात आणि म्हणतात, "दादा, तीन तास टाका ना, अजून चार वाजले नाहीत." काउंटरवरचा मुलगा टाकून देतो. आता जवळपास सातपर्यंत, म्हणजे ऐन गर्दीत, चार सीट दुपारच्या रेटनं अडकल्या. हे होतंय का ते ओळखायला सेशन सुरू झाल्याच्या वेळेप्रमाणे रिपोर्ट लावा. साडेतीन ते चारमध्ये लॉगिनचा गठ्ठा दिसला की समजा पाणी इथूनच गळतंय.

नियम दोनच करा. पॅक एकपर्यंतच विकायचा आणि चारला तो संपतो. चारनंतर बसायचं असेल तर मीटर ८० नं, मिनिटाप्रमाणे. हे पॅक देतानाच तोंडी सांगा आणि काउंटरवर लिहून लावा. ऐन मॅचमध्ये स्क्रीन लॉक झाली तर भांडण ठरलेलं, म्हणून पावणेचारला पॉपअप येईल असं सेटिंग ठेवा.

सॉफ्टवेअर सीमारेषेवर बिल कसं लावतं तेही एकदा तपासा. ११ ते ४ ला ५० आणि पुढे ८० असे रेट टाकून एका पीसीवर साडेतीन ते साडेचार टेस्ट सेशन चालवा. बिल ६५ आलं तर ते वेळ तोडून मोजतंय. ५० आलं तर लॉगिनच्या वेळेचाच रेट शेवटपर्यंत लागतोय, आणि हे सेटिंग बदलल्याशिवाय फ्लेक्स लावू नका.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे प्रीपेड तास. मेंबरनं मंगळवारी दुपारी स्वस्तात दहा तास भरले आणि शनिवारी संध्याकाळी वापरले, तर वीकेंडचा रेट गेला. मेंबरच्या खात्यात तास भरू नका, रुपये भरा. ज्या वेळी खेळेल त्या वेळचा रेट त्यातून कापला जाईल.

कॅलेंडर न बघणं

बुधवारी सरकारी सुट्टी आली की दुपारी गर्दी होते, पण सिस्टीमला तो बुधवारच वाटतो. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी तशीच. वर्षाच्या सुट्ट्या आधीच टाकून त्या दिवशी वीकेंडचा रेट लावा आणि दोन दिवस आधी मेंबरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवा.

कधी थांबायचं

चार आठवडे द्या, पण परीक्षांच्या काळातले नकोत. फक्त दुपारचा गल्ला बघू नका. पूर्ण दिवसाचा आकडा वारानुसार मागच्या चार आठवड्यांशी ताडून बघा आणि दुपारी पहिल्यांदा आलेले मेंबर वेगळे मोजा. दुपार वाढली, संध्याकाळ तेवढीच घटली आणि नवे मेंबर जवळपास नाहीत, तर पॅक बंद करा. मग ११ ते १ चा वेगळा हिशेब घ्या. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट ओढतो, म्हणजे २२ रुपयांच्या आसपास. दोन तासांत जेमतेम एक सीट-तास विकला जात असेल आणि काउंटरवरच्या मुलाचा पगार तासावर असेल, तर शटर एकला उघडणं बरं. पगार महिन्याचा असेल तर एसी उशिरा लावा आणि दुकान उघडंच ठेवा.