पोर्टलच्या रॉक बोल्ट-शॉटक्रीटची डिझाइन समरी लिहिताना: क्यूच्या आकड्यात न दिसलेला लाल पट्टा

बोगद्याच्या डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांना पहिलं काम बहुतेक वेळा हेच मिळतं: पोर्टलच्या, म्हणजे बोगद्याच्या तोंडाच्या, आधाराची डिझाइन समरी. दहा-बारा पानं असतात. खडकाचं वर्गीकरण, गृहीतकं, बोल्टची लांबी, शॉटक्रीटची म्हणजे फवारून लावलेल्या काँक्रीटची जाडी, एक रेखाचित्र. मलाही तेच मिळालं होतं. सह्याद्रीतला घाटरस्ता, साधारण 13 मीटर रुंदीची खुदाई, पोर्टलपाशी क्राउनच्या, म्हणजे बोगद्याच्या माथ्याच्या, वर 14 मीटर आच्छादन. त्यातले वरचे चार मीटर माती आणि गोटे, खाली दहा मीटर बेसाल्ट.

खडकाचा दर्जा एका आकड्यात सांगणाऱ्या क्यू पद्धतीने मी सुरुवात केली. 1974 साली नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूटमधल्या बार्टन, लीन आणि लुंडे यांनी ती मांडली. सहा आकडे, तीन भागाकार:

```
Q = (RQD / Jn) × (Jr / Ja) × (Jw / SRF)
```

पहिला भागाकार सांगतो की खडकाचे तुकडे किती मोठे आहेत. दुसरा सांगतो की ते तुकडे एकमेकांवर किती सहज घसरतील. तिसऱ्यात पाणी आणि खडकातला ताण येतो. माझ्या बोअरहोलमध्ये आरक्यूडी, म्हणजे कोअरमधल्या लांब, अखंड तुकड्यांचं टक्क्यांतलं प्रमाण, सरासरी 50 होता, सांध्यांचे तीन संच (त्यासाठी 9), सांधे सपाट पण खरबरीत (1.5), पृष्ठभाग किंचित बदललेले (2), खडक कोरडा (1), ताण मध्यम (1). उत्तर आलं 4.2. वर्गवारीत ‘फेअर’च्या खालच्या टोकाला. मी खूश होते.

समरी वाचून सरांनी पहिला प्रश्न विचारला, “हे आकडे बोगद्याच्या आतले आहेत. पोर्टलचे कुठे आहेत?”

पोर्टलपाशी क्यूचे नियम बदलतात. तिथे सांध्यांच्या संचाचा आकडा दुप्पट धरायचा असतो, कारण खडकाला समोरून कुणी धरलेलं नसतं आणि एक मोकळी बाजू वाढलेली असते. म्हणजे 9 चे 18. जमिनीजवळ सांधे उघडे असतात, त्यांना दाबून ठेवणारा आडवा ताण नसतो, म्हणून एसआरएफ, म्हणजे ताणाचा आकडा, 1 ऐवजी 2.5. पाणीही मी चुकीचं धरलं होतं. बोअरहोल एप्रिलमध्ये घेतले होते, पण बोगदा तर पावसाळ्यातही उभा राहणार. त्यामुळे पाण्याचा आकडा 0.66. पुन्हा मांडलं:

```
आत:       (50 / 9)  × (1.5 / 2) × (1.0 / 1.0)  = 4.2
पोर्टल:   (50 / 18) × (1.5 / 2) × (0.66 / 2.5) = 0.55
```

खडक तोच, कोअर तोच, आणि वर्ग ‘फेअर’वरून ‘व्हेरी पुअर’. मला हे तेव्हा अन्यायकारक वाटलं होतं. संचाचा आकडा दुप्पट करणं आणि एसआरएफ वाढवणं, दोन्हींमागे मोकळेपणाचंच कारण आहे, मग एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा का, हा प्रश्न कामावरचे अनुभवी लोकही विचारतात. माझं आजचं मत असं: दोन्ही धरा, पण समरीत कारण स्पष्ट लिहा, म्हणजे खुदाईत खडक चांगला निघाला तर कोणता आकडा सैल करायचा ते साइटवरच्या माणसाला कळेल.

आता क्यू पद्धतीतल्या आधाराच्या तक्त्याकडे. रुंदीला ईएसआर या, खुदाईच्या वापराप्रमाणे ठरणाऱ्या आकड्याने भागायचं असतं. मोठ्या रस्त्याच्या बोगद्याला आणि पोर्टलला तो 1 असतो, म्हणून भागाकार 13 च राहिला. बोल्टच्या लांबीचं साधं सूत्र आहे, `L = 2 + 0.15 × B / ESR`, म्हणजे 3.95, म्हणजे चार मीटर. तक्त्यावरून अंतर सुमारे दीड मीटर आणि तंतूमिश्रित शॉटक्रीट 12 ते 15 सेंटिमीटर. मी 15 घेतलं. पडताळणीसाठी आरएमआर, म्हणजे खडकाच्या वर्गीकरणाच्या दुसऱ्या पद्धतीचा आकडा, तोही काढला. चाळिशीच्या खाली, ‘पुअर’. त्या वर्गाला त्याच्या तक्त्यात चार-पाच मीटरचे बोल्ट, एक ते दीड मीटर अंतर आणि क्राउनमध्ये 10 ते 15 सेंटिमीटर शॉटक्रीट आहे. दोन्ही पद्धती जुळल्या, म्हणून मला वाटलं काम झालं.

सरांचा दुसरा प्रश्न होता, “कोअर बॉक्स स्वतः बघितलेस का?”

मी लॉग बघितला होता. बॉक्स नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन उघडले. क्राउनच्या पातळीच्या अडीच मीटर वर, दोन चांगल्या कोअरच्या मध्ये ड्रिलरने लाकडी ठोकळा ठेवला होता. लॉगमध्ये त्या जागी फक्त ‘कोअर लॉस, 40 सेंमी’ लिहिलेलं. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या कोअरच्या टोकांना विटकरी लाल माती चिकटलेली होती. शेजारच्या बोअरहोलमध्ये जवळपास त्याच उंचीवर पुन्हा ठोकळा, पुन्हा लाल डाग. मग आम्ही वरच्या जुन्या रस्त्याच्या कटिंगपाशी गेलो. काळ्या पाषाणात हातभर रुंदीचा लाल पट्टा सरळ आडवा गेलेला आणि त्याच्या बरोबर वरच्या रेषेत ओल.

दख्खनच्या पठारावर काम करणाऱ्याला हा पट्टा ओळखता आलाच पाहिजे. हा रेड बोल. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून त्याची लाल चिकणमातीसारखी पट्टी झाली. आपले थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून ही पट्टीही आडवी आणि लांबवर सलग असते. पाणी तिच्यातून सहज उतरत नाही, तिच्यावर साचतं. कोरडी असताना ती हातोडीला दाद देत नाही. उघडी पडून भिजली की लोण्यासारखी सुटते. ड्रिलिंगच्या पाण्याने ती वाहून गेली, म्हणून बॉक्समध्ये तिच्या जागी ठोकळा.

क्यूच्या 0.55 मध्ये हा पट्टा कुठेच नाही. क्यू सरासरीची भाषा बोलतो, आणि एक 40 सेंटिमीटरची आडवी पट्टी सरासरीत विरून जाते. पण बोगद्याच्या डोक्यावर ती असेल तर प्रश्न बदलतो: क्राउन आणि बोल यांच्यामधली अडीच मीटरची बेसाल्टची लादी कशाला धरून राहणार? वरून बोलची पकड नाही. बाजूंना उभे सांधे, तेही पोर्टलपाशी उघडे. म्हणून गृहीत धरलं की लादीचं सगळं वजन बोल्टवर.

हिशेब एका पानात मावतो. बेसाल्टचं वजन घनमीटरला 26 किलोन्यूटन धरलं, तर अडीच मीटर जाडीचा भार चौरस मीटरला 65. दीड बाय दीड मीटरला एक बोल्ट, म्हणजे प्रत्येकावर 146 किलोन्यूटन. 25 मिलिमीटरची फे 500 सळई 245 ला यील्ड होते. सळई पुरते. पण बोल्टला पकड हवी ती बोलच्या वरच्या खडकात. चार मीटरमधून अडीच मीटर लादी आणि 40 सेंटिमीटर बोल वजा केला की उरतात 1.1 मीटर. 40 मिलिमीटरच्या छिद्रात ग्राउट आणि खडकाची परवानगीची पकड 0.5 मेगापास्कल धरली, तर मीटरला साधारण 63 किलोन्यूटन, म्हणजे एकूण 69. हवेत 146. तक्त्याने दिलेला बोल्ट निम्म्याहून कमी भार पेलत होता.

सहा मीटरचा बोल्ट घेतला की वरच्या खडकात 3.1 मीटर मिळतात आणि पकड 195 वर जाते. क्राउनच्या मध्यभागी सहा मीटर ठरलं. वर दहा मीटर खडक असल्याने बोल्ट मातीत घुसत नव्हता. आच्छादन कमी असतं तर हा उपायच उरला नसता आणि पाइप रूफ म्हणजे माथ्यावर आधीच घातलेल्या नळ्या, किंवा लॅटिस गर्डर म्हणजे सळयांच्या जाळीदार कमानी, यांच्याकडे जावं लागलं असतं. खांद्याकडचे बोल्ट तिरके जातात, तिथे तीच लांबी बोलच्या वर कमी पोहोचते. त्यामुळे तिथला हिशेब वेगळा केला.

शॉटक्रीट 15 सेंटिमीटरच राहिलं, पण ते लादी पेलण्यासाठी नाही, बोल्टांच्या मधले तुकडे धरण्यासाठी, हे समरीत शब्दांत लिहिलं. खुदाईचा मलबा उचलल्याबरोबर पाच सेंटिमीटरचा पहिला थर मारायचा, मग बोल्ट, मग उरलेला थर. शॉटक्रीटमधून बोलच्या वरपर्यंत निचऱ्याची छिद्रं पाडायची, नाहीतर पावसाळ्यात बोलवर साचलेलं पाणी लादीला वरून ढकलतं आणि तो भार आपल्या हिशेबात नाही. पोर्टलच्या समोरच्या उतारासाठी जाळी, शॉटक्रीट आणि बोल्ट वेगळे होते.

चाचणीबद्दल एक गोष्ट मला उशिरा समजली, ती इथे सांगते. पूर्ण लांबीत ग्राउट केलेल्या बोल्टवर पुल-आउट चाचणी घेतली की भार तोंडाजवळच्या थोड्याशा लांबीतच खडकात उतरतो. बोल्ट हलला नाही म्हणून वरच्या टोकाची पकड चांगली आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. आम्हाला तर तीच पकड तपासायची होती. म्हणून तीन बोल्ट फक्त वरच्या एका मीटरला ग्राउट करून, बाकी लांबी मोकळी ठेवून ओढले. एकामध्ये पकड अपेक्षेच्या निम्मीही आली नाही. छिद्र बोलमधून जाताना ढासळलं होतं आणि लाल चिखल ग्राउटमध्ये मिसळला होता. तिथून पुढे क्राउनमध्ये पोकळ, स्वतःच छिद्र पाडत जाणारे आणि आतून ग्राउट भरता येणारे बोल्ट वापरले.

गृहीतकांचं पान सरांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. ‘बोल आडवा आहे’ एवढं पुरेसं नव्हतं. पुढे लिहायला लावलं: खुदाईच्या प्रत्येक टप्प्यात क्राउनमध्ये तीन मीटरचं उभं तपासणी छिद्र घ्यावं, ड्रिलिंगचं पाणी लाल आलं त्या खोलीची नोंद करावी, ती खोली दोन मीटरपेक्षा कमी झाली तर डिझाइनला कळवावं, तोवर पुढची खुदाई थांबवावी. ‘खडक कोरडा नाही’ याच्यापुढे: छिद्रांतून धार येऊ लागली तर पाण्याचा आकडा पुन्हा ठरवावा. क्राउनच्या हालचालीची मोजणी रोज, आणि लागोपाठ तीन दिवस वेग कमी होत नसेल तर जादा बोल्ट. शॉटक्रीटवर हातोडी ठोकून पोकळ आवाज आला तर ती जागा खुणेने दाखवावी, कारण बोलवर किंवा ओल्या खडकावर शॉटक्रीट चिकटत नाही, नुसतं टेकतं.

पोर्टलपासून अकराव्या मीटरला तपासणी छिद्रातलं पाणी 1.7 मीटरलाच लाल झालं. आडवा समजलेला बोल आत जाताना हळूहळू खाली उतरत होता. शिफ्ट इंजिनिअरने खुदाई थांबवली, रात्री साडेनऊला फोन केला. लादी पातळ झाली की बोल्टवरचा भार कमी होतो, पण पातळ लादी सांध्यांवर तुटून बोल्टांच्या मधून सुटते, आणि तिथे 15 सेंटिमीटर शॉटक्रीटवरचा माझा विश्वास संपतो. आम्ही खुदाईच्या एका टप्प्याची लांबी दोन मीटरवरून एकवर आणली आणि दर मीटरला लॅटिस गर्डर लावले. अठराव्या मीटरला बोल क्राउनमध्ये उघडा पडला. तिथे क्यू पुन्हा काढताना एसआरएफ चिकणमातीच्या दुबळ्या पट्ट्याचा, म्हणजे 5 धरला. गर्डर तिथून पुढे, बोल बाजूच्या भिंतीत उतरेपर्यंत चालू ठेवले.