मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंडी उबवताना वजनकाटा हाताशी ठेवा

कोंबडी खुडूक बसली असेल तर उबवणीच्या मशीनची घाई करू नका. टोपलीत आधी वाळू, तिच्यावर कडबा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, म्हणजे उवा-पिसवा कमी होतात. दहा-बारा अंडी ठेवून कोंबडीला रात्री बसवा. एप्रिल-मेमध्ये वाळू अधूनमधून शिंपडून ओलसर ठेवली की झालं. अंडी फिरवणं तिचं तिला कळतं.

अंडी मात्र आपण निवडायची. कळपात कोंबडा हवा, अंडं मध्यम आकाराचं, स्वच्छ, बिनतड्याचं आणि सात दिवसांच्या आतलं हवं. धुवायचं नाही, धुतलं की कवचावरचा संरक्षक थर जातो. साठवताना बोथट टोक वर ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो, म्हणून ती माठाशेजारच्या गारव्यात ठेवून तीन-चार दिवसांतच उबवायला लावा.

पंख्याच्या छोट्या इनक्युबेटरमध्ये तापमान 37.5 अंश ठेवायचं. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. संख्या विषम असली की लांबलचक रात्र रोज एकाच बाजूवर जात नाही.

खरी गोम आर्द्रतेची. पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के सांगतात, पण स्वस्त मशीनचा आकडा बऱ्याचदा खोटा असतो. अंड्याचं वजन खोटं बोलत नाही. 18 दिवसांत ते साधारण 12 टक्के घटायला हवं.

गेल्या एप्रिलमध्ये औशाला मी दहा अंडी लावली, एकूण 500 ग्रॅम. हिशेबाने सहाव्या दिवशी 480 भरायला हवी होती, काट्यावर आली 462. मशीनवर आकडा 52 टक्के! म्हणजे हवा कोरडी होती, अंड्यातलं पाणी भराभर उडत होतं. पाण्याची वाटी काढून पसरट ताट ठेवलं. पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही, पृष्ठभाग किती पसरला आहे याला आहे. हवेची भोकं मात्र बुजवली नाहीत, पिल्लाला आत श्वास लागतो. अठराव्या दिवशी 439 भरली.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत, नुसतं पारदर्शक दिसलं तर काढून टाका आणि उरलेल्यांचं वजन नव्याने घ्या.

अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70 टक्के, आणि झाकण उघडायचं नाही. इथेच हात शिवशिवतात. कवचाला भोक पडल्यावर पिल्लू कित्येक तास गप्प राहतं, तरी सोलू नका, शिरांतून रक्त येतं. आतलं पापुद्र्याचं आवरण कातड्यासारखं सुकून पिल्लाला चिकटलेलं दिसलं, तर हवा कोरडी होती. पिल्लू फुगलेलं, ओलंचिंब असून भोक न पाडताच मेलं, तर पाणी जास्त झालं.

एकविसाव्या दिवशी निघालेली पिल्लं अंगावरची लव सुकेपर्यंत आतच राहू द्या. पोटात बलक शिल्लक असतो, दिवसभर दाणा मिळाला नाही तरी चालतं. मागे राहिलेल्या अंड्यांना आणखी दोन दिवस द्या.